स्पष्ट बोलणारी माणसं

कोरियातल्या तेगूच्या जुन्या बाजारात पिल-सुनचं तोंडीलावण्यांचं दुकान आहे. सोयात मुरवलेली पानं, गोडसर कमळकाकडी, कुरकुरीत सुकी मासळी, मुळ्याची किमची, असे सव्वीस प्रकार रोज सकाळी दहाच्या आत थाळ्यांत मांडलेले असतात. बाई सदुसष्ट वर्षांची. बाजारात तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नाही. ‘मासळी कालचीच दिसतेय,’ असं एक गिऱ्हाईक म्हणालं, तर तिने त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि सांगितलं, “मग उद्या या, उद्या परवाची मिळेल.” अशी ही बाई महिन्यातल्या पहिल्या रविवारी सकाळी अकरा वाजता मात्र टॅबलेटसमोर मांजरासारखी गप्प बसायची, कारण पडद्यावर तिची नात असायची आणि नात बोलायची जपानी.

मुलगा सोक-जुन ओसाकाला नोकरीला गेला, तिथल्याच चिनात्सुशी त्याने लग्न केलं, आणि मुलगी कोतोने चार वर्षांची असताना एका सकाळी कामावर जाताना रस्त्यातच हृदय बंद पडून गेला. तो होता तोवर दोन्हीकडचं बोलणं तो इकडून तिकडे पोहोचवायचा. “आई, कोतोने विचारतेय, तू काय जेवलीस?” आणि आई म्हणायची, “सांग तिला, तुझ्या बापाचे आवडते मासे.” तो गेला आणि मधला पूलच वाहून गेला. चिनात्सु बिचारी सभ्य. तिने महिन्याचा फोन कधी चुकवला नाही. पण त्या वीस मिनिटांत दोन बायका आणि एक पोर एकमेकींकडे बघून नुसत्या हसायच्या आणि हात हलवायच्या. फोनमधलं भाषांतराचं यंत्र लावून पाहिलं, तर पोरगी आजीऐवजी यंत्राशीच बोलायला लागली.

तेवढ्यावरही पिल-सुनने भागवून घेतलं असतं. पण तिच्या जिवाला खरा घोर होता तो श्राद्धाचा. तिच्याकडच्या रीतीप्रमाणे श्राद्धाच्या ताटापुढे धाकट्याने थोरल्याला वाकायचं. बाप गेला तर मुलाने तांदळाच्या दारूचा प्याला भरावा, उदबत्तीवरून फिरवावा आणि दोनदा जमिनीला डोकं टेकवावं. आईने मुलापुढे वाकायचं नसतं. नवरा कधीच गेलेला, दुसरं मूल नाही. दर शरदात, चांद्र तिथीनुसार, पिल-सुन मुलाचं ताट मांडायची, मासा ठेवायची, फळांची वरची चकती कापायची, आणि मग सगळं मांडून झाल्यावर ताटासमोर नुसती बसून राहायची. वाकायला कुणीच नाही. सोक-जुनचं श्राद्ध दोन वर्षं असं अर्धवटच राहिलं. जगात त्याला वाकू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ते ओसाकाला तिसऱ्या मजल्यावर राहत होतं.

“एकदा तरी पोरीला इकडे आणायला सांग ना सुनेला,” शेजारच्या कपडे धुण्याच्या दुकानातली बोंग-जा म्हणाली.

“कुठल्या तोंडाने सांगू? माझं तोंड कोरियन आहे.”

“मग नो मास्तरांना सांगायला लाव.”

नो मास्तर म्हणजे ज्येष्ठांच्या केंद्रात दर मंगळवारी जपानी शिकवणारे गृहस्थ. सोळा वर्षं ओसाकाला एका कचेरीत काढून आलेले. पण पिल-सुनने मान हलवली. “पोटच्या पोराच्या श्राद्धाचं आमंत्रण परक्या पुरुषाच्या तोंडून? ते मीच मागणार. त्यांच्या भाषेत.”

पासष्टाव्या वर्षी तिने मास्तरांच्या वर्गात नाव घातलं, पण मंगळवारच्या एका तासाने काय होणार! चार आठवड्यांत मास्तरच म्हणाले, “बाई, मालिका बघा. रोज बघा. कानावर पडल्याशिवाय जिभेवर येत नाही.”

मग सुरू झाली मालिकांची निवड. पिल-सुन कोबी निवडते तशी मालिका निवडायला बसली. पहिली घेतली ती जुन्या सरदारांची. कारण साधं होतं, त्यात माणसं सावकाश बोलत. एक सरदार मांडी घालून बसायचा, मिशीतून एक वाक्य टाकायचा आणि पुढच्या वाक्याआधी बागेतला एक दगड बघून घ्यायचा. एवढ्या वेळात पिल-सुनचं एक किलो लसूण सोलून व्हायचं. तीन महिन्यांनी तिने रविवारी फोनवर, हात मांडीवर रोवून, घोगऱ्या आवाजात नातीला सांगितलं, की आपलं आगमन पाहून आम्ही संतुष्ट जाहलो आहोत.

सहा वर्षांची कोतोने हसून हसून खुर्चीवरून खाली पडली. खरोखर पडली. पडद्यावर नुसते तिचे मोजे दिसत होते. उठली आणि ओरडली, “पुन्हा! आजी, पुन्हा!” पुढचे तीन फोन आजी सरदार होती आणि नात तिच्यापुढे पातेल्याचं झाकण आणि पळी यांची ढाल-तलवार करून उभी राहत होती.

इथेच थांबली असती तर! पण बोंग-जा मधे पडली. बोंग-जाला जपानी मालिकांचं वेड, त्यातलं सगळं आपल्याला कळतं असा तिचा पक्का समज. “ताई, शोभतं का हे? चारशे वर्षांपूर्वीची भाषा बोलतेस तू. सून तोंडावर हसत नाही, पण मनात काय म्हणत असेल? उद्या श्राद्धाचं काय असंच मागणार? ‘आज्ञा करतो, कन्येस पाठवा’?”

पिल-सुनला ते झोंबलं. तिने सरदाराला कायमचा निरोप दिला.

त्यानंतरचे चार महिने नुसते चाचपडण्यात गेले. पोलिसांच्या मालिकेत उच्चार खणखणीत होते, पण दोन महिन्यांनी तिच्या पदरात पडलं काय, तर ‘मृत्यूची वेळ’ आणि ‘दार आतून बंद होतं’. नातीला हे ऐकवून काय उपयोग? विनोदी मालिका घेतली, तर पाच माणसं एकदम बोलत आणि मागे हसण्याचा गडगडाट. मुलांची कार्टून घेतली, तर त्यातली पात्रं किंचाळत आणि अर्धे शब्द कुठल्या तरी काल्पनिक राक्षसांचे. बोंग-जाने एक युरोपातली मालिका सुचवली, जपानी आवाज घातलेली. आवाज असे स्वच्छ की काचेसारखे. पण खालची जपानी अक्षरं एक सांगत आणि कान दुसरंच ऐकत. पिल-सुनला वाटलं आपलेच कान गेले. आठ दिवसांनी मास्तरांनी उलगडा केला: “अहो, आवाज घालणारे ओठांच्या हालचालीला धरून वाक्य बांधतात, अक्षरं लिहिणारे वाचायला सोपं जाईल असं लिहितात. दोन वेगळी माणसं, दोन वेगळी भाषांतरं. परकी मालिका नको. मूळ जपानीच घ्या, स्पष्ट असेल ती, आणि खाली जपानीच अक्षरं. ऐकू न येणाऱ्यांसाठी जी देतात ना, ती. त्यात बोललेला शब्द न् शब्द असतो.”

“आणि कोरियन अक्षरं?”

“पहिल्यांदा एकदा, गोष्ट कळायला. मग बंद. डोळा आयता घास शोधतो बाई, कानाला उपाशी ठेवतो.”

शेवटी तिला हवी ती सापडली. एका लहान गावातलं वह्या-पेन्सिलींचं दुकान, त्यात म्हातारा सासरा, विधवा सून आणि आठ वर्षांची मुलगी. पंचवीस मिनिटांचा एक भाग. मारामारी नाही, मागे ढणढण संगीत नाही, बहुतेक बोलणं जेवणाच्या टेबलावर. एकाचं बोलून झाल्याखेरीज दुसरा तोंड उघडत नसे. तीच तीच माणसं, तेच तेच शब्द. मीठ दे, छत्री ने, शाळेत काय झालं, आज उशीर का. आणि त्या छोट्या मुलीचं बोलणं तर असं, की प्रत्येक शब्द धुऊन, पुसून, ताटात मांडून ठेवलाय. “आमची कोतोने अशीच बोलत असणार,” पिल-सुनने ठरवून टाकलं. ती मुलगी अभिनयाच्या शाळेत शिकलेली आहे हे काही तिला कुणी सांगितलं नाही.

मग तिने त्या मालिकेचा पिच्छाच पुरवला. टॅबलेट लोणच्याच्या बरणीला टेकवायचा. एक भाग आधी कोरियन अक्षरांवर, मग जपानी अक्षरांवर, मग पडद्याच्या खालच्या कडेला पुठ्ठ्याची पट्टी चिकटवून, नुसत्या कानांवर. अडलं की थांबवायचं, मागे जायचं, वेग पाऊण करायचा, मोठ्याने म्हणायचं. शाळेत शिकलेली चिनी अक्षरं, जी जपानीतही चालतात, तिला अजून ओळखू येत, आणि दोन्ही भाषांत वाक्य एकाच चालीने चालतं, क्रियापद शेवटी येतं, म्हणून तिचं गाडं पुढे सरकत राहिलं. गिऱ्हाईक समोर उभं आणि बाई टॅबलेटला विचारतेय, “आज शाळेत काय झालं?” लोकांना सवय झाली. एक म्हातारा तर किमची घेताना उत्तरही देऊ लागला, “आज शाळेत काही झालं नाही.”

वर्षभरात एकशे चाळीस भाग. प्रत्येक पाच-पाच, सहा-सहा वेळा. मास्तर म्हणाले, “माझ्या वर्गात इतकं शुद्ध कुणी बोलत नाही.” बाईने तोंडावर काही दाखवलं नाही, पण त्या दिवशी मास्तरांच्या डब्यात कमळकाकडी दुप्पट पडली.

घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडेच. रविवारच्या फोनवर कोतोने काय बोलते ते तिला अजूनही कळत नव्हतं. पोरगी आठ वर्षांची झाली होती, तोंडात काहीतरी चघळत, खुर्चीवर हेलकावे घेत, ओसाकाच्या बोलीत भराभर, अर्धं वाक्य आईकडे वळून आणि अर्धं खिडकीकडे बघून बोलायची. खाली पट्टीही नाही आणि अक्षरंही नाहीत. आजीने आपलं घोटलेलं विचारावं, “आज शाळेत काय झालं?” आणि तिकडून यावं, “काही नाही.” एवढं मात्र स्वच्छ कळायचं. एकदा पिल-सुनने हात मांडीवर रोवून पुन्हा सरदार काढून पाहिला. कोतोने हसली, पण पाहुण्यांकडे बघून हसतात तशी. पिल-सुनला फार वाईट वाटलं. तिने ते पुन्हा कधी केलं नाही.

चिनात्सुचं मात्र तिला सगळं कळू लागलं होतं, कारण चिनात्सु मालिकेतल्या सुनेसारखीच सावकाश, पूर्ण वाक्यांत बोलायची. उन्हाळा सरता सरता पिल-सुनने मागणं मागितलं. पाठ केलेलं होतं, पण वाचून दाखवलं नाही. म्हणाली, “चिनात्सु, पुढच्या महिन्यात सोक-जुनचं श्राद्ध आहे. आमच्यात आई मुलासमोर वाकत नाही. कोतोनेने एकदा येऊन बापाला प्याला द्यावा अशी माझी इच्छा आहे. तिकिटं मी पाठवीन. तुम्ही दोघी या.”

पलीकडे चिनात्सुचे डोळे भरून आले. ती म्हणाली, “आई, तुम्ही किती छान बोलता आता. आमच्यासाठी एवढे कष्ट घेतलेत. मनापासून आभार. कोतोनेची शाळा आहे, पोहण्याचा वर्गही आहे, पण मी नक्की चांगल्या मनाने विचार करीन. तिच्याशीही बोलेन. जमलं तर जरूर.”

शब्द न् शब्द! खाली अक्षरं नाहीत, कुणी मधे सांगायला नाही, आणि शब्द न् शब्द कळला! फोन ठेवल्यावर पिल-सुन एप्रन तसाच ठेवून बोंग-जाच्या दुकानात घुसली. “येतेय! पोरगी येतेय!”

“खरंच म्हणाली?”

“चांगल्या मनाने विचार करीन म्हणाली. जरूर म्हणाली. रडली गं ती!”

दोघींनी त्याच आठवड्यात पोरीसाठी पोशाख शिवायला टाकला. माप माहीत नव्हतं, तर मालिकेतल्या मुलीच्या अंगावरून अंदाज घेतला. मंगळवारी पिल-सुनने वर्गात भाताच्या वड्या वाटल्या. नो मास्तरांनी वडी हातात घेतली आणि विचारलं, “नेमकं काय म्हणाली ती? तिच्याच शब्दांत सांगा.”

पिल-सुनने घडाघडा म्हणून दाखवलं, उच्चारासकट. मास्तरांनी वडी खाली ठेवली.

“बाई, ती नाही म्हणाली आहे.”

“नाही? नाही हा शब्द कुठे होता त्यात?”

“नसतो. सोळा वर्षं मी हेच ऐकलं. ‘चांगल्या मनाने विचार करू’ असं माझे साहेब म्हणाले की मी फाईल बंद करून कपाटात ठेवायचो.”

“माझ्या मालिकेत तर असं कुणी करत नाही! त्या सुनेला सासऱ्याचं पटलं नाही तर ती टेबलावर सरळ सांगते, मला हे पटत नाही म्हणून.”

“कारण ती मालिका आहे,” मास्तर हळूच म्हणाले. “पंचवीस मिनिटांत बघणाऱ्याला सगळं कळायला हवं, म्हणून त्यातली माणसं मनातलं बोलतात. तुम्हाला स्पष्ट बोलणारी माणसं हवी होती, तुम्ही ती निवडलीत. माझीही चूक झाली. मीच म्हटलं होतं, स्पष्ट असेल ती घ्या.”

पिल-सुन मास्तरांवर उखडली. सोळा वर्षं साहेबांची हांजीहांजी केलेल्या माणसाला सासू-सुनेतलं काय कळणार, असं भर वर्गात म्हणाली आणि वड्यांचा डबा उचलून निघून आली. पण मनात पाल चुकचुकलीच. पुढच्या रविवारी, ठरलेला फोनचा दिवस नसतानाही, तिने चिनात्सुला सरळ विचारलं, अगदी मालिकेतल्या माणसासारखं, “येणार की नाही येणार?” एवढा उघडा प्रश्न विचारणं त्या भाषेत फार जड पडतं. चिनात्सुने मान खाली घातली. मग म्हणाली, “अवघड आहे, आई. माफ करा.” आणि लगेच पुढे म्हणाली, “पडद्यावरून चालेल का? त्या दिवशी सहा वाजता मी तिला बसवते. तुम्ही सांगा तसं ती करील.”

दुधाची तहान ताकावर. पण ताकही चार वर्षांत पहिल्यांदाच मिळत होतं. पिल-सुन हो म्हणाली. बोंग-जा म्हणाली, “बघ, काहीतरी झालं ना! अगं, आजकाल पुष्कळ लोक पडद्यावरून वाकतात.” नो मास्तर संध्याकाळी दुकानाशी येऊन उभे राहिले, पिल-सुनने त्यांना कमळकाकडी बांधून दिली, आणि भांडण मिटलं.

तिथीच्या दिवशी तिने दुकान दुपारीच बंद केलं. श्राद्धाच्या पदार्थांत तिखट नाही, लसूण नाही, म्हणून वेगळ्या भांड्यांत सगळं केलं. मासा अख्खा भाजला. सफरचंद आणि नासपती यांच्या वरच्या चकत्या काढल्या. सोक-जुनचा फोटो मधे, आणि फोटोच्या बाजूला, थोडा तिरपा, टॅबलेट. नातीला सांगायची वाक्यं तिने आठ दिवस घोकली होती, प्रत्येक साधं, मुलांना कळेल असं. सहाला दोन मिनिटं कमी असताना पडदा उजळला.

कोतोने शाळेच्या कपड्यांतच बसली होती. आज तोंडात काही नव्हतं, हेलकावे नव्हते. आईने सांगून ठेवलं असावं. चिनात्सु मागे, दाराशी उभी होती.

“कोतोने,” पिल-सुन म्हणाली, “हा तुझा बाबा. आज तो जेवायला येतो. मी प्याला भरते. मग तू दोनदा खाली वाक. एवढंच.”

तिने प्याला भरला, उदबत्तीवरून फिरवला, ताटात ठेवला आणि बाजूला सरली. पोरीला फोटो नीट दिसावा म्हणून टॅबलेट थोडा वळवला.

कोतोने फोटोकडे बघत राहिली. मग आजीकडे वळली आणि आजीला कळावं म्हणून, एकेक शब्द सुटा करत, सावकाश, त्या मालिकेतल्या मुलीइतक्या स्वच्छ उच्चारात म्हणाली,

“आजी, मला बाबा आठवत नाहीत. हे कोण आहेत मला माहीत नाही. मला हे करायचं नाही.”

मागे चिनात्सु “कोतोने!” म्हणून पुढे आली. पिल-सुनने हात वर केला. “असू दे,” ती जपानीत म्हणाली. “कळलं मला. नीट कळलं.” चिनात्सु वाकून वाकून माफी मागत होती. त्यातलाही प्रत्येक शब्द कळत होता. पिल-सुनने दोघींचे आभार मानले, शाळेचा अभ्यास नीट कर म्हणून सांगितलं, व्याकरणाची एक चूक न करता निरोप घेतला आणि पडदा बंद केला.

भात निवत होता. आई मुलापुढे वाकत नाही, म्हणून ती ताटासमोर नुसती बसून राहिली. दोन वर्षांपूर्वी पोरगी हेच म्हणाली असती, तर पिल-सुनला त्यातलं ओ की ठो कळलं नसतं. नात आपल्याशी किती बोलली या आनंदात तिने दोन्ही हात हलवले असते, आणि मग सोक-जुनच्या फोटोकडे वळून सांगितलं असतं, की बघ, तुझी लेक तुझी आठवण काढतेय.